१.५ मिमी पत्र्याचा लिप्ड चॅनेल दाबाखाली: लोकल बकलिंग आणि इफेक्टिव्ह विड्थ, एक सेक्शन पूर्ण सोडवून

हॉट रोल्ड सेक्शनवर हात बसलेला नवा डिझायनर कोल्ड फॉर्म्ड चॅनेल हाती आला की सवयीने क्षेत्रफळ गुणिले यील्ड स्ट्रेस करतो. पातळ पत्र्यात हा आकडा बराच फसवा निघतो. किती, ते एका नेहमीच्या सेक्शनवर पाहू: वेब १५० मिमी, फ्लँज ६०, लिप २०, जाडी १.५, आतली बेंड रेडियस २.५ आणि यील्ड ३५० एमपीए. भारतात आयएस ८०१ हे मानक आहे, पण ते १९७५ चं आणि वर्किंग स्ट्रेसवर बेतलेलं. म्हणून इथे एआयएसआय एस१०० या अमेरिकन मानकाची पद्धत घेतली आहे.

पहिली पायरी सपाट रुंदी काढण्याची, आणि सुरुवातीच्या बऱ्याच चुका इथेच होतात. गणितात बाहेरचं माप घ्यायचं नसतं, दोन बेंडमधला सपाट भाग घ्यायचा असतो. प्रत्येक कोपऱ्यात रेडियस अधिक जाडी, म्हणजे ४ मिमी जातात. त्यामुळे वेब १४२ मिमी, फ्लँज ५२ आणि लिप १६. लिपला एकच कोपरा आहे, म्हणून तिथे ४ मिमी एकदाच वजा होतात. जाडीही उघड्या पोलादाची हवी. झेड२७५ गॅल्वनायझिंगमध्ये दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.०४ मिमी जस्त असतं. पुरवठादाराने कोटिंगसकट १.५ सांगितलं असेल, तर डिझाइनला १.४६ च उरतात. इथे १.५ ही जस्त सोडून जाडी धरली आहे.

आता प्रत्येक सपाट भागाला हे चार टप्पे लावायचे. `t` म्हणजे जाडी, `w` सपाट रुंदी, `f` दाबाचा स्ट्रेस आणि `k` कडांच्या आधारावर ठरणारा गुणांक. E = 203000 MPa धरून:

```
Fcr    = k * 183500 * (t/w)^2
lambda = sqrt(f / Fcr)
rho    = (1 - 0.22/lambda) / lambda
b      = rho * w
```

`lambda` ०.६७३ किंवा त्याहून कमी असेल, तर पूर्ण रुंदी कामाची. आधी आखूड स्टब कॉलम घेऊ, म्हणजे `f` = ३५०. वेबच्या दोन्ही कडांना आधार आहे, म्हणून `k` = ४. रुंदी भागिले जाडी ९४.७ येते आणि क्रिटिकल स्ट्रेस फक्त ८२ एमपीए. यील्डच्या चौथ्या हिश्शालाच वेब फुगायला लागते.

तरीही चॅनेल तिथे कोसळत नाही. वेबचा मधला पट्टा फुगला की तो जास्तीचा भार घेणं जवळपास सोडून देतो. मात्र आडव्या दिशेने पत्रा ताणला जातो आणि ती फुग आवरून धरतो, तर बेंडलगतचे पट्टे सरळ राहून भार घेत जातात. त्या कडा यील्डला पोचल्या की ताकद संपते. मध्ये कमी आणि कडांना जास्त असा वाकडा स्ट्रेस मोजत बसण्याऐवजी, तेवढाच भार पूर्ण स्ट्रेसवर पेलणारी कमी रुंदी धरायची, ही कल्पना फॉन कार्मान यांनी १९३२ मध्ये मांडली. खरा पत्रा मुळातच थोडा वाकडा असतो. कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी प्रयोग करून हा फरक सूत्रात आणला. ०.२२ ची वजावट त्यातूनच आलेली आहे.

वेबचा `lambda` २.०७, `rho` ०.४३२ आणि इफेक्टिव्ह रुंदी ६१.४ मिमी. दोन्ही बेंडना लागून साधारण ३०.७ मिमीचे पट्टे उरतात आणि मधले ८०.६ मिमी हिशेबातून जातात.

फ्लँजचं गणित लिपवर अवलंबून आहे, आणि नवखे लोक ते सर्रास गाळून थेट `k` = ४ टाकतात. लिप फ्लँजच्या कडेला आधार देते खरी, पण तो आधार पुरेसा ताठ आहे का, हे तपासावं लागतं. लिपचा स्वतःचा मोमेंट ऑफ इनर्शिया १६³ × १.५ ÷ १२ = ५१२ मिमी⁴. या फ्लँजला या स्ट्रेसवर लागणारा, मानकातल्या वरच्या मर्यादेनुसार, ६८०. गुणोत्तर ०.७५, म्हणजे लिप थोडी कमी पडते. हे गुणोत्तर आणि लिप-फ्लँजचं प्रमाण सूत्रात घातलं की `k` ३.०७ येतो आणि फ्लँजची इफेक्टिव्ह रुंदी ४४.८ मिमी. लिप स्वतः एक मोकळी कड असलेली पट्टी आहे, तिचा `k` ०.४३. तिची रुंदी १५.५५ येते, पण तीही ०.७५ ने गुणायची, म्हणून ११.७.

लिप अजिबात नसती, तर फ्लँजचाच `k` ०.४३ झाला असता आणि एकच कोपरा उरल्याने ५६ मिमी झालेल्या सपाट भागातले जेमतेम २०.५ मिमी कामाचे राहिले असते. वाकवलेल्या २० मिमी पत्र्याने एवढं कमावलं! पण म्हणून लिप वाढवत जाण्यात अर्थ नाही. ती २५ मिमी केली तर दोन लिपांमध्ये १० मिमी पत्रा जास्त जातो आणि एकूण इफेक्टिव्ह रुंदी ८.८ मिमीने वाढते. तीही लिपमुळेच, फ्लँजची रुंदी उलट किंचित घटते, कारण लांब लिप स्वतःच लवकर फुगते. या सेक्शनमध्ये खरं नुकसान वेबमध्ये आहे. काही करायचंच असेल तर जाडी वाढवा किंवा वेबच्या मधोमध रोलिंगमध्येच लांबीभर खाच द्या.

बेरीज करू. चार कोपरे पूर्ण धरायचे, त्यांचे ३०.६ मिमी². इफेक्टिव्ह क्षेत्रफळ २९२ मिमी², पूर्ण क्षेत्रफळ ४४८. ताकद १०२ किलोन्यूटन; सवयीच्या गुणाकाराने १५७ आली असती.

खरा कॉलम मात्र लांब असतो. एआयएसआयमध्ये आधी अख्ख्या कॉलमच्या बकलिंगचा स्ट्रेस काढायचा, तोही पूर्ण सेक्शनच्या गुणधर्मांवरून, आणि मग तोच `f` म्हणून वरच्या सूत्रांत घालायचा. समजा तो २०० एमपीए आला. आता लिप पुरेशी ताठ ठरते, फ्लँज आणि लिप पूर्ण कामाचे होतात, वेब ७८ मिमीवर जाते, क्षेत्रफळ ३५२ होतं आणि ताकद ७०.४ किलोन्यूटन. ३५० ला काढलेलं २९२ तसंच ठेवून २०० ने गुणलं तर ५८.४ येतात. ही चूक सुरक्षित बाजूची, पण पोलाद वाया घालवणारी. युरोकोडची रचना वेगळी आहे: तिथे इफेक्टिव्ह क्षेत्रफळ यील्डवर काढतात आणि तेच कॉलमच्या स्लेंडरनेसमध्ये घालतात. दोन्हींची अर्धी-अर्धी पद्धत एकाच एक्सेल शीटमध्ये आली, तर येणाऱ्या उत्तराला कोणत्याच मानकाचा आधार उरत नाही.

आणखी एक गोष्ट शीटमध्ये सहसा दिसत नाही. वेबचा मधला भाग गेला की उरलेल्या सेक्शनचा सेंट्रॉइड लिपकडे सरकतो, स्टब कॉलमच्या स्थितीत सुमारे ५ मिमी. टोकं पिन असतील आणि भार मूळ सेंट्रॉइडवर येत असेल, तर १०२ किलोन्यूटनला अर्धा किलोन्यूटन-मीटर मोमेंट तयार होतो. म्हणजे नुसता दाब घेणारा मेंबर प्रत्यक्षात दाब आणि वाकण एकत्र सोसतो, आणि तपासणी तशीच करावी लागते. टोकं फिक्स्ड असतील तर हा परिणाम सहसा जाणवत नाही.

उत्तर पडताळायला सीयूएफएसएम हे मोफत फायनाइट स्ट्रिप सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्याच्या आलेखातला पहिला खड्डा वेबच्या रुंदीच्या आसपासच्या अर्ध्या तरंगलांबीला दिसला पाहिजे आणि त्याचा स्ट्रेस ८२ पेक्षा थोडा जास्त यायला हवा, कारण ताठ फ्लँज वेबला कडेने धरून ठेवतात आणि हाताच्या गणितात ते धरलेलं नाही. तो ८२ च्या खाली आला तर जाडी, `E` किंवा नोड्सची मापं तपासा. त्याहून लांब तरंगलांबीला, लिपसकट फ्लँज वेबच्या कोपऱ्याभोवती फिरताना दिसली, तर ते डिस्टॉर्शनल बकलिंग. इफेक्टिव्ह विड्थच्या वरच्या गणितात ते पुरेसं धरलं जात नाही. त्याची ताकद वेगळी काढून दोन्हींतली कमी घ्यायची.