विधानं तपासण्याआधीच पर्याय खोडता? बहुविधानी प्रश्नांतल्या या चुका टाळा

राज्यव्यवस्थेच्या किंवा भूगोलाच्या पेपरात ‘पुढील विधाने विचारात घ्या’ म्हणून तीन-चार विधानं येतात आणि खाली ‘फक्त अ आणि क’, ‘अ, ब आणि ड’ असे जोड्यांचे पर्याय असतात. नीट अभ्यास झालेले परीक्षार्थीही इथे गुण घालवतात, आणि त्यामागे एक ठरावीक सवय असते: विधानाचा निकाल पक्का होण्याआधीच नजर पर्यायांकडे जाते. मग विधानाचा निकाल आपण लावतोय की पर्याय लावतायत, हेच कळेनासं होतं. हे नेमकं कसं घडतं ते एका प्रश्नावर पाहू.

राष्ट्रपती व उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीबाबत योग्य विधाने ओळखा.

अ) राष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात.
ब) राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांच्या विधान परिषदांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात.
क) राष्ट्रपतींच्या निवडणुकीत दिल्ली व पुदुच्चेरी विधानसभांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात.
ड) उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य मतदान करू शकतात.

(१) अ, ब आणि क
(२) अ, क आणि ड
(३) ब, क आणि ड
(४) अ आणि ड

आता एका परीक्षार्थीचा विचार कसा चालतो बघा. ‘अ’ बरोबर, हे त्याला पाठच आहे. ‘ब’ चूक, कारण विधान परिषदेला या निवडणुकीत मत नाही, हेही त्याने वाचलंय. ‘क’बद्दल थोडी शंका आहे. ‘ड’शी येताच त्याला ‘नामनिर्देशित सदस्यांना मत नाही’ हे वाक्य आठवतं आणि तो ‘ड’वर फुली मारतो. फुली मारल्याबरोबर तो पर्यायांकडे वळतो. ‘ड’ असलेले (२), (३) आणि (४) गेले, उरला (१). पण (१) मध्ये तर ‘ब’ आहे! इथे तो थांबत नाही. ‘निर्वाचित सदस्य म्हटलंय ना, मग असेलही त्यांना मत,’ असं म्हणून ‘ब’वरची फुली खोडतो आणि (१) रंगवतो.

चुका दोन झाल्या, पण त्या एकाच दर्जाच्या नाहीत. ‘ड’मधली चूक माहितीची आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा नियम त्याने उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीला लावला. ती कोणाचीही होऊ शकते. ‘ब’मधली चूक मात्र पद्धतीची आहे. जे त्याला ठाऊक होतं, ते त्याने पर्यायात बसत नाही म्हणून सोडून दिलं. विधानाबद्दल नवं काहीच आठवलेलं नसताना त्याचा निकाल फिरला, आणि फिरवला तो खालच्या चार ओळींनी.

एकही पर्याय उरत नाही, तेव्हा

‘ब’ चूक आणि ‘ड’ चूक हे दोन्ही निकाल एकत्र धरले तर चारही पर्याय बाद होतात. ही फार मोलाची सूचना आहे. आपल्या दोन निकालांपैकी निदान एक चुकलाय, एवढं यातून नक्की कळतं. कोणता चुकलाय ते मात्र पर्याय सांगत नाहीत. त्यासाठी विधानाकडेच परत जावं लागतं.

प्रत्येक निकालाला आधार काय, हे स्वतःला विचारा. ‘ब’चा आधार भक्कम आहे. कलम ५४ च्या निर्वाचकगणात संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य आहेत, विधान परिषदांचे नाहीत. हे दुसऱ्या वाटेनेही पडताळता येतं. कलम ५५ नुसार आमदाराच्या मताचं मूल्य राज्याची लोकसंख्या आणि विधानसभेच्या निर्वाचित सदस्यांची संख्या यांवरून काढतात. परिषदेचा त्या हिशेबात कुठेच संबंध येत नाही. ‘ड’चा आधार काय? ‘नामनिर्देशित सदस्यांना मत नाही’ हे सुटं वाक्य. ते कोणत्या निवडणुकीबद्दल होतं? राष्ट्रपतींच्या. उपराष्ट्रपतींसाठी कलम ६६ आहे आणि त्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांचे ‘सदस्य’ म्हटलंय, ‘निर्वाचित’ हा शब्द तिथे नाही. म्हणजे नामनिर्देशितही आले. ‘ड’ बरोबर.

आता ‘ब’ चूक असल्याने (१) आणि (३) गेले. उरलेल्या (२) आणि (४) मध्ये अ आणि ड दोन्हीकडे आहेत, फरक फक्त ‘क’चा. म्हणजे सगळा वेळ ‘क’वरच खर्च करायचा. १९९२ च्या ७० व्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभांचा निर्वाचकगणात समावेश झाला, त्यामुळे ‘क’ बरोबर. उत्तर (२).

पर्याय खोडण्याचं खरं काम हे इथलं आहे. ते विधानाचा खरेखोटेपणा ठरवत नाही. राहिलेली शंका नेमकी कोणत्या विधानावर सोडवायची, तेवढं दाखवतं. म्हणून क्रम पाळा. आधी पर्याय न वाचता प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करा: बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह. अंदाजाला फुलीचा मान देऊ नका, त्याला प्रश्नचिन्हच द्या. खोडाखोड फक्त पक्क्या खुणांवरून करा. खूण नेहमी विधान खरं की खोटं याची असू द्या. प्रश्न ‘अयोग्य विधाने ओळखा’ असा असला तरी खुणा बदलू नका, शेवटी पर्याय निवडताना तेवढं उलटवून घ्या. नाहीतर अर्ध्या विधानांपुढे एका अर्थाची फुली आणि अर्ध्यांपुढे दुसऱ्या अर्थाची, असा गोंधळ होतो.

अर्धं खरं विधान

भूगोलात वेगळीच अडचण येते. तिथे एका विधानात बरेचदा दोन दावे असतात आणि पहिला ओळखीचा निघाला की दुसरा न तपासताच पास होतो.

अ) गोदावरी ही द्वीपकल्पावरील सर्वांत लांब नदी असून मांजरा ही तिची डाव्या तीरावरील उपनदी आहे.
ब) नर्मदा खचदरीतून वाहते.
क) भीमा ही कृष्णेची उपनदी आहे.

पर्याय: (१) फक्त अ आणि ब, (२) फक्त ब आणि क, (३) फक्त अ आणि क, (४) वरील सर्व.

‘अ’चा पहिला भाग शाळेपासून पाठ आहे. तो वाचून मान डोलली की ‘असून’नंतरचा भाग डोळ्यांखालून नुसता सरकतो. म्हणून ‘असून’, ‘आणि’, ‘तर’, ‘मात्र’ अशा जोडशब्दांवर पेन्सिलीने उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजू वेगळ्या वाचा. मांजरेचा तीर पाठ नसेल तरी नकाशावरून काढता येतो. गोदावरी साधारण पूर्वेकडे वाहते. प्रवाहाच्या दिशेला तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला येतो. मांजरा बालाघाटच्या डोंगरात, म्हणजे गोदावरीच्या दक्षिणेला उगम पावते आणि दक्षिणेकडूनच तिला मिळते. म्हणजे उजवा तीर. दुसरा दावा खोटा, म्हणून अख्खं विधान खोटं.

जोडशब्द ‘त्यामुळे’ किंवा ‘कारण’ असेल तर दोन नाही, तीन गोष्टी तपासायच्या: दोन्ही बाजू आणि त्यांच्यातला कार्यकारणसंबंध. ‘द्वीपकल्पीय पठाराचा सर्वसाधारण उतार पूर्वेकडे आहे, त्यामुळे नर्मदा पश्चिमेकडे वाहते’ हे विधान घ्या. उतार पूर्वेकडे आहे, हे खरं. नर्मदा पश्चिमेकडे वाहते, हेही खरं. पण उतार हे त्याचं कारण नाही, उलट त्या उताराला नर्मदा अपवाद ठरते ती खचदरीमुळे. दोन्ही बाजू खऱ्या असूनही विधान चूक.

पुन्हा वरच्या प्रश्नाकडे. ‘अ’ चूक ठरताच (१), (३) आणि (४) एकदम जातात आणि (२) हातात पडतो. अशा रचनेत एक पक्कं खोटं विधान तीन पर्याय बाद करतं, तर एक पक्कं खरं विधान एकच. म्हणून खोटं विधान आधी शोधणं फायद्याचं आहे. पण धोकाही त्यातच आहे. त्या एका विधानावरचा निकाल चुकला, तर सावरायला बाकी काहीच वाचलेलं नसतं. म्हणून (२) रंगवण्याआधी उलटी तपासणी करा. (२) बरोबर असेल तर ब आणि क दोन्ही खरी असली पाहिजेत. आहेत का? आहेत. काही सेकंदांचं हे काम आहे. इथे विसंगती दिसली, तर वर सांगितल्याप्रमाणे निकालांचे आधार तपासायला परत जा.

‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीही’ असा शब्द दिसला की विधान चूक धरायचं, असा एक नुस्खा सर्रास सांगितला जातो. तो मी कोणालाही देणार नाही. ‘द्वीपकल्पावरील सर्व प्रमुख नद्या पूर्वेकडे वाहतात’ हे खोटं आहे, पण ‘राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही’ हे खरं आहे. असा शब्द दिसला की अपवाद शोधा. सापडला तरच फुली. सर्वाधिक पर्यायांत कोणतं विधान आलंय ते मोजण्याचंही तसंच. नद्यांच्या प्रश्नात अ, ब, क तिन्ही प्रत्येकी तीन पर्यायांत आहेत, मोजून काय कळणार?

दोन पर्याय उरले, की विधानं किती ते विचारलं

यूपीएससी पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनात प्रश्नाला २ गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश भाग कापला जातो. पक्क्या खुणांवरून खोडून दोन पर्याय उरलेले सहा प्रश्न सोडवले आणि निम्मे चुकले, तरी ६ गुण मिळून सुमारे २ जातात. त्यामुळे असे प्रश्न सोडू नयेत. हा हिशेब पक्क्या खुणांपुरताच खरा आहे. अंदाजाने खोडलेल्या पर्यायांत बरोबर उत्तरच गेलेलं असू शकतं, आणि मग उरलेल्या दोनपैकी काहीही निवडलं तरी गुण जाणारच.

‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’ हा प्रकार यूपीएससीच्या २०२३ च्या पूर्व परीक्षेत मोठ्या प्रमाणावर आला. पर्याय ‘केवळ एक’, ‘केवळ दोन’, ‘तिन्ही’, ‘एकही नाही’ असे असतात. तिथे जोड्याच नसल्याने त्यांच्या आधाराने शंका सुटत नाही. तीनपैकी दोन विधानं पक्की खरी आणि तिसरं प्रश्नचिन्हाचं असेल, तर उत्तर ‘दोन’ किंवा ‘तिन्ही’, याच्या पुढे जायला ते तिसरं विधानच सोडवावं लागतं.

या प्रकारात आणखी एक गोष्ट लपते. एक खरं विधान तुम्ही खोटं धरलं आणि एक खोटं खरं धरलं, तर आकडा तोच राहतो आणि उत्तर बरोबर येतं. म्हणून सराव चाचणी तपासताना पर्याय जुळला की पुढे जाऊ नका. उत्तरसूचीच्या स्पष्टीकरणाशी प्रत्येक विधानाची खूण ताडून पाहा, आणि जिथे खूण चुकली तिथे ‘माहिती नव्हती’, ‘दुसरीकडचा नियम लावला’, ‘दुसरा भाग वाचला नाही’ किंवा ‘पर्याय पाहून बदलली’ यांपैकी कारण समासात लिहा. पहिल्या कारणासाठी पुस्तक उघडावं लागेल. दुसऱ्यासाठी दोन्ही नियम शेजारी शेजारी लिहून त्यांतला फरकाचा शब्द अधोरेखित करा, जसा कलम ५४ मधला ‘निर्वाचित’. शेवटची दोन वारंवार दिसू लागली, तर पुढच्या काही चाचण्यांत खुणा पूर्ण होईपर्यंत पर्यायांच्या ओळी कोऱ्या कागदाने झाकून ठेवा.