कात्रणाच्या फोटोवरून बातमीचा सारांश: सहा प्रश्नांची उत्तरं कशी शोधावीत

बातमीचे सहा प्रश्न म्हणजे कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे. त्यांची उत्तरं शोधायला आधी फोटो नीट हवा. वर्तमानपत्र सपाट ठेवा, उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या आणि दोन फोटो काढा. एक पूर्ण पानाचा, ज्यात वरची तारीख दिसेल. दुसरा फक्त बातमीचा, जवळून. बातमीच्या शेवटी ‘पान ७ वर’ असेल, तर त्या पानाचाही फोटो घ्या. ‘का’ आणि ‘कसे’ यांची उत्तरं बरेचदा तिथेच असतात.

आता चांद्रयान-३ च्या बातमीचं उदाहरण घेऊ. हातात २४ ऑगस्ट २०२३ च्या अंकाचा फोटो आहे असं समजा.

सुरुवात ‘कधी’पासून करा. बातमीत ‘बुधवारी’ किंवा ‘काल’ एवढंच असतं आणि पानावर दुसऱ्या दिवसाची तारीख. म्हणून वार आणि अंकाची तारीख जुळवून घटनेची तारीख काढायची: बुधवार, २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. फोटोत १ आणि ९ यांसारखे आकडे पुसट दिसत असतील, तर फोटो मोठा करून पाहा. तरीही शंका राहिली, तर तोच आकडा मथळ्यात किंवा चौकटीत पुन्हा आला आहे का ते बघा.

‘कुठे’ला सगळ्यात जास्त गफलत होते. बातमीच्या सुरुवातीला ‘बेंगळुरू’ छापलेलं असतं, पण ते बातमी जिथून दिली त्या गावाचं नाव. त्या दिवशी पंतप्रधान जोहान्सबर्गमध्ये होते, तेव्हा तेही नाव बातमीत सापडेल. घटना मात्र घडली चंद्रावर, दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात. क्रियापदाला विचारा: उतरलं कुठे?

‘कोण’ आणि ‘काय’ याच क्रियापदातून निघतात. इस्रोने ‘विक्रम’ लँडर अलगद उतरवलं. अभिनंदन करणाऱ्यांची नावं, त्यांचा फोटो कितीही मोठा असला तरी, सारांशात घ्यायची नाहीत.

‘कसे’ म्हणजे कृती: सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून इंजिनांच्या साह्याने वेग कमी करत, साधारण १९ मिनिटांत.

‘का’ लिहिताना हात आखडता घ्या. सुरक्षित उतरण्याचं तंत्र सिद्ध करणं हा मोहिमेचा उद्देश होता. तो बातमीत असेल तर लिहा. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर कोसळलं, ही पार्श्वभूमी झाली, तिला थेट कारण ठरवू नका. बातमीत कारणच नसेल, तर ‘बातमीत दिलेले नाही’ असं स्पष्ट लिहा. स्वतःच्या माहितीतून ती जागा भरली, तर तो त्या बातमीचा सारांश राहत नाही.

मग सगळं एकत्र ओवा: ‘चंद्रावर सुरक्षित उतरण्याचं तंत्र सिद्ध करण्यासाठी इस्रोने २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरवलं. सुमारे ३० किलोमीटरवरून वेग कमी करत ते साधारण १९ मिनिटांत खाली आलं.’

शेवटी फोटो पुन्हा उघडा आणि या वाक्यांतला प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव त्यात बोट ठेवून शोधा. जे सापडणार नाही, ते खोडा.