ऑडिटच्या थिअरीत पाच गुणांचं उत्तर कसं लिहावं: पर्मनंट फाइल आणि करंट फाइल

विश्रामबागेत संध्याकाळी ऑडिट शिकवताना मुलांच्या वह्यांत एक उत्तर मला सारखं दिसतं: "पर्मनंट फाइलमधली कागदपत्रं कधी बदलत नाहीत आणि करंट फाइलमधली दरवर्षी बदलतात." वाक्य पाठ करायला सोपं आहे, पण त्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि नेमके तिथेच गुण जातात. म्हणून याद्या पाठ करण्याआधी एकच कर्ज घेऊ. त्याचे कागद कुठे लावायचे हे समजलं की उत्तर लिहिताना अडत नाही.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हळद ठेवायला शीतगृह बांधायचं म्हणून तिनं १ एप्रिल २०२१ रोजी बँकेकडून ८४ लाखांचं कर्ज घेतलं. दर महिनाअखेरीला १ लाख मुद्दल फेडायचं, असे ८४ हप्ते. व्याज दहा टक्के, दर महिन्याला वेगळं भरायचं. आपण २०२३-२४ चं ऑडिट करतोय.

आधी प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारा

हा कागद पुढच्या वर्षीच्या ऑडिटलाही उघडावा लागेल का? लागणार असेल तर पर्मनंट फाइल, फक्त याच वर्षाच्या आकड्याचा पुरावा असेल तर करंट फाइल. या हिशेबानं कर्जमंजुरीचं पत्र, गहाणखताची प्रत आणि हप्त्यांचं वेळापत्रक पर्मनंट फाइलमध्ये जातं. ३१ मार्च २०२४ च्या शिल्लकीला बँकेनं दिलेलं पुष्टीपत्र, वर्षाच्या व्याजाची आपण केलेली आकडेमोड आणि त्यावरचा निष्कर्ष करंट फाइलमध्ये जातो. कंपनीचं मेमोरँडम आणि आर्टिकल्स, महत्त्वाची हिशेबी धोरणं, मागच्या वर्षांचे ताळेबंद, अंतर्गत नियंत्रणाचा अभ्यास हे पहिल्या फाइलमध्ये. या वर्षीचा ऑडिट प्रोग्राम, व्यवस्थापनाचं लेखी निवेदन आणि या वर्षीच्या सभांच्या इतिवृत्तांतले उतारे दुसऱ्या फाइलमध्ये. ही विभागणी दरवर्षी त्याच ग्राहकाचं ऑडिट होत असेल तिथेच उपयोगी पडते. एकदाच करायच्या कामात दोन फाइल्सची गरज पडत नाही.

मग आकडा तपासून पाहा, दोन्ही फाइल्स कशा जोडलेल्या असतात ते कळेल

वर्षाच्या सुरुवातीला कर्ज ६० लाख होतं. दर महिन्याला ते एक लाखानं कमी होत गेलं. ऑडिटरकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलानं पर्मनंट फाइल उघडली, मंजुरीपत्रातला दहा टक्के दर घेतला आणि वर्षाचं व्याज ५,४५,००० रुपये काढलं. कंपनीच्या वहीत ५,७०,७५० रुपये आहेत. फरक २५,७५० रुपयांचा.

इथे घाईनं "कंपनीनं व्याज जास्त दाखवलं" असा शेरा मारला तर तो चुकीचा ठरेल. चौकशी केल्यावर समजतं की १ ऑक्टोबर २०२३ पासून बँकेनं दर अकरा टक्के केला आणि तसं पत्रही पाठवलं. पहिल्या सहा महिन्यांचं व्याज दहा टक्क्यांनी २,८७,५०० आणि पुढच्या सहा महिन्यांचं अकरा टक्क्यांनी २,८३,२५०. बेरीज ५,७०,७५०, म्हणजे वहीतला आकडा बरोबर आहे. आपली पर्मनंट फाइल मात्र जुनी झाली होती.

आता ते पत्र कुठे लावायचं? पर्मनंट फाइलमध्ये, कारण नवा दर पुढच्या वर्षीही लागू राहणार आहे. जुनं मंजुरीपत्र काढून टाकायचं नाही. "१ ऑक्टोबर २०२३ पासून दर बदलला, नवं पत्र पुढे पाहा" अशी नोंद त्यावर करायची. करंट फाइलच्या व्याजाच्या तक्त्यावर मंजुरीपत्राचा आणि या पत्राचा संदर्भ क्रमांक लिहायचा. पर्मनंट फाइल 'पर्मनंट' असते ती माहितीचं महत्त्व टिकून राहतं म्हणून. ती दरवर्षी अद्ययावत करावीच लागते.

हप्त्यांच्या वेळापत्रकाचंही तसंच आहे. ३१ मार्च २०२४ ला ४८ लाख शिल्लक आहेत. त्यातले पुढच्या बारा महिन्यांत फेडायचे १२ लाख ताळेबंदात अल्पमुदतीच्या कर्जात दिसले पाहिजेत. हा आकडा वेळापत्रकावरून निघतो, म्हणून त्याचा पुरावाही दोन्ही फाइल्समध्ये विभागलेला असतो.

कागदावर काय लिहायचं

एसए २३० या ऑडिटच्या मानकाप्रमाणे ऑडिट डॉक्युमेंटेशन म्हणजे केलेल्या तपासण्या, मिळालेला पुरावा आणि काढलेले निष्कर्ष यांची नोंद. ती पुरेशी आहे की नाही हे ओळखायची कसोटीही त्यातच दिली आहे: या ऑडिटशी पूर्वी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला केवळ कागद वाचून काय केलं, काय मिळालं, महत्त्वाच्या बाबींवर काय ठरवलं हे कळलं पाहिजे. आपल्या व्याजाच्या तक्त्यावर नुसता "व्याज तपासलं, बरोबर" असा शेरा या कसोटीला उतरत नाही. कोणत्या खात्याचं व्याज, दर कुठून घेतले, फरक किती आला, तो का आला, तक्ता कोणी आणि कोणत्या तारखेला केला, नंतर कोणी आणि कधी पाहिला, हे त्यावर असायला हवं. "मॅनेजर म्हणाले दर वाढला" एवढ्यानं भागत नाही. तोंडी खुलासा मुद्दा समजावून घ्यायला चालतो, पण तो एकटा पुरेसा आधार नसतो.

आता उत्तर लिहा

पाच गुणांसाठी पहिल्या दोन ओळींत ऑडिट डॉक्युमेंटेशनची व्याख्या, मग दोन्ही फाइल्सचा फरक आणि प्रत्येकी तीन-चार उदाहरणं पुरतात. फरक असा लिहा:

"वारंवार होणाऱ्या ऑडिटमध्ये ज्या माहितीचं महत्त्व पुढील वर्षांतही टिकतं ती पर्मनंट फाइलमध्ये ठेवतात आणि ती वेळोवेळी अद्ययावत करतात. उदा. मेमोरँडम, दीर्घमुदतीचे करार, हिशेबी धोरणं. एका वर्षाच्या ऑडिटशी मुख्यतः संबंधित माहिती करंट फाइलमध्ये ठेवतात. उदा. ऑडिट प्रोग्राम, शिल्लक पुष्टीपत्रं, त्या वर्षीची विश्लेषणं आणि निष्कर्ष."

"अद्ययावत करतात" हा शब्द सोडू नका. पेपर तपासताना मी तोच शोधतो.

प्रश्नात मुदत विचारली असेल तर दोन आकडे वेगळे ठेवा, मुलं ते एकमेकांत मिसळतात. ऑडिट रिपोर्टच्या तारखेपासून अंतिम फाइल जुळवायला साधारणपणे ६० दिवसांपेक्षा जास्त लागू नयेत. फाइल जपायची ती रिपोर्टच्या तारखेपासून किमान ७ वर्षं. आपल्या कंपनीचा रिपोर्ट ५ सप्टेंबर २०२४ चा असेल तर फाइल ४ नोव्हेंबर २०२४ पर्यंत जुळली पाहिजे आणि किमान ५ सप्टेंबर २०३१ पर्यंत जपली पाहिजे. या साठ दिवसांत कागद लावणं, संदर्भ क्रमांक देणं, रद्द झालेले मसुदे काढणं एवढंच करायचं. नवी तपासणी करून नवा निष्कर्ष काढायचं काम यात बसत नाही. फाइल जुळवून झाल्यावर जपणुकीची मुदत संपेपर्यंत त्यातला एकही कागद काढायचा नाही.

मालकीचा प्रश्न बहुतेक दोन गुणांना येतो. या फाइल्समधले कागद म्हणजे वर्किंग पेपर्स ऑडिटरच्या मालकीचे असतात, कंपनीनं फी भरली म्हणून ते कंपनीचे होत नाहीत. त्यांतला काही भाग किंवा उतारे कंपनीला द्यायचे की नाही हे ऑडिटर स्वतः ठरवतो. पण तीच बँक उद्या आपला व्याजाचा तक्ता थेट ऑडिटरकडे मागू लागली, तर कंपनीच्या संमतीशिवाय किंवा कायद्यानं बंधन असल्याशिवाय तो देता येत नाही, कारण मालकी ऑडिटरची असली तरी त्यातली माहिती कंपनीची आहे.