किरायावाढ टप्प्यानं मागताय? मग पत्रात या चुका टाळा

पांढरकवड्याकडच्या एका गावात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की एक पत्र माझ्याकडं हमखास येतं. घरमालकानं किराया वाढवला, एकदम एवढा जमत नाही, थोडा आत्ता आन् थोडा पुढं वाढवा अशी विनंती. माणूस चांगला असतो, घरमालकही बरा असतो, मागणी रास्त असते, तरी पत्र फसतं. आणि फसायच्या जागा इतक्या ठरलेल्या आहेत की आता पत्र हातात घेतलं की मी आधी तिथंच नजर टाकतो.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "बाकीचे नंतर देतो" हे वाक्य. हे माझ्या हातून टाईप झालेलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका भाऊंचा किराया ३,००० होता, मालकानं ४,२०० केला. भाऊ म्हणाले लिहा की सध्या ३,५०० देतो, बाकीचे नंतर देतो. मी तसंच लिहिलं. त्यांच्या मनात होतं की नंतर म्हणजे पुढं कधीतरी किराया पूर्ण ४,२०० करीन. मालकानं वाचलं की दर महिन्याचे ७०० रुपये माझे येणे आहेत. मालकानं पत्र वाचून मान हलवली, भाऊंना वाटलं काम झालं, दोघंही खूश. सात महिन्यांनी भाऊंना दुसऱ्या गावी काम लागलं, खोली सोडली, डिपॉझिट १०,००० होतं, हातात आले ५,१००. सात महिन्यांचे सातशे-सातशे, म्हणजे ४,९०० कापले. भाऊ भांडले तर मालकानं तेच पत्र काढून दाखवलं, आणि खरं सांगतो, कागदावर मालकच बरोबर होता. त्या दिवशी भाऊ माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर अर्धा तास नुसते बसून होते.

म्हणून हा फरक नीट समजून घ्या. वाढ टप्प्यानं होणं वेगळं आणि वाढ उधार राहणं वेगळं. टप्प्यानं म्हणजे त्या महिन्याचा किरायाच तेवढा, पुढं काही देणं निघत नाही. उधारी म्हणजे किराया पूर्ण चढलेला, तुम्ही फक्त कमी दिला. तुम्हाला पहिलं पाहिजे असेल तर पत्रात सरळ लिहा की या काळातला फरक पुढं देणं राहणार नाही. हे वाक्य लिहायला लोकं लाजतात, मालकाला वाईट दिसेल म्हणतात. वाईट दिसू द्या, पण लिहा. मालकाला ते मान्य नसेल तर तो तेव्हाच बोलेल, आणि मग फरक कोणत्या महिन्यात किती द्यायचा ते आकड्यानं ठरवता येतं. "नंतर", "हळूहळू", "परिस्थिती सुधारल्यावर" हे तिन्ही शब्द मी आता टाईपच करत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी.

दुसरी चूक, जिचा मला खरंच कंटाळा आलाय, ती म्हणजे वाढीचे सारखे तुकडे पाडणं. १,५०० वाढले ना, मग पाचशे-पाचशे, दर दोन महिन्याला एक. दिसायला सोपं, पण आपल्याकडं पैसा दर दोन महिन्याला सारखा येतो कुठं? सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास निघतो, कापूस खऱ्या अर्थानं घरात येतो तो दिवाळीनंतर, हरभरा फेब्रुवारी-मार्चात. गडचिरोली-गोंदियाकडं तेंदूपत्त्याचा पैसा मे महिन्याचा. आणि तुम्हाला शेती नसली तरी तुमचा पैसा त्याच्याच मागं चालतो, कारण जिनिंग तेव्हाच चालू राहते, शिलाईचे कपडे तेव्हाच येतात, दुकानाची उधारी तेव्हाच वसूल होते. जून-जुलै म्हणजे बियाणं, खत आणि आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्यामुळं वह्या-पुस्तकं, सगळा जाणाराच पैसा. एका ताईंनी असाच एक टप्पा १ जुलैला टाकला होता, मी अडवलं तर म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ, बराबर वाटते." जुलैत त्यांना तो जमला नाही, आणि ज्या मालकीणबाईनं मोठ्या मनानं हो म्हटलं होतं तिनं पुढच्या महिन्यापासून पूर्ण किराया लावला. स्वतः दिलेली तारीख स्वतःच मोडली की मग दुसऱ्यांदा तोंड उघडायला जागा राहत नाही.

माझी पद्धत साधी आहे. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढायचं, घरातल्या बाईला सोबत बसवायचं (खर्च तिलाच माहीत असतो, गडी माणसं अंदाजे सांगतात), आणि ज्या महिन्यात पैसा येतो त्यावर पेनानं खूण करायची. टप्पा त्या खुणेच्या एक महिना पुढं. पैसे येणार म्हणतात तेव्हा येत नाहीत, थोडे उशिरा येतात, म्हणून एक महिना. टप्पे दोनच ठेवा. तीन-चार टप्पे झाले की मालकाला कोणत्या महिन्याचा किती ते लक्षात ठेवावं लागतं आणि तो कंटाळून नाही म्हणतो.

अन् शेवटच्या टप्प्याचा महिना कागदावर मांडून बघा. तेव्हाचा पूर्ण किराया काढून घर चालते का? नाही चालत असेल तर टप्प्याचं पत्र लिहूच नका. मग किराया कमी करायची बोलणी करा किंवा दुसरी खोली बघा, कारण टप्प्यानं फक्त वेळ मिळतो, पैसे मिळत नाहीत.

आता एक पूर्ण उदाहरण. जिनिंगवर काट्याजवळ काम करणारे एक दादा, सीझनमध्ये महिन्याला १३,०००, सीझन संपला की कृषी केंद्रात ९,०००. वहिनींच्या शिलाईचे साधारण ३,०००. किराया ३,५००, घरमालक काकाजींनी १ जूनपासून ५,००० सांगितला. दादा आधी जे लिहून घेऊन आले त्यात दीड पान दुःखच होतं, आईचं ऑपरेशन, लेकीची फी, भावानं कशी फसवणूक केली, आणि किरायाचा आकडा एकदाही नाही. मी विचारलं काकाजी तुम्हाला ओळखतात ना? रोज भेटतात म्हणाले. मग हे सगळं त्यांना माहीत आहे! पण काकाजी एकटे ठरवत नाहीत, ते पत्राचा फोटो काढून पुण्यातल्या पोराला व्हॉट्सॲपवर पाठवतात. तो पोरगा कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तो फोटो उघडणार, त्यानं दादांना कधी पाहिलंसुद्धा नाही, दीड पान वाचणार आहे का तो? त्याला तीनच गोष्टी पाहिजेत. ५,००० येणार की नाही, कधीपासून, आणि तोपर्यंत आपलं किती कमी येते. आपल्याकडं निम्म्या घरमालकांची लेकरं बाहेरगावी आहेत, म्हणून पत्र नेहमी त्या न पाहिलेल्या पोरासाठी लिहा. आम्ही शेवटी लिहिलं ते असं:

"आदरणीय काकाजी, सप्रेम नमस्कार. तुम्ही १ जूनपासून खोलीचा किराया ३,५०० वरून ५,००० करायचं सांगितलं, ते आम्हाला मान्य आहे. जिनिंग बंद असल्यानं जून ते ऑक्टोबर माझा पगार महिन्याला ४,००० नं कमी असतो, म्हणून विनंती की किराया १ जूनपासून ४,००० आणि १ डिसेंबरपासून पूर्ण ५,००० असा करावा. यामुळं सहा महिन्यांत तुम्हाला एकूण ६,००० कमी मिळतील, याची आम्हाला जाणीव आहे. हा फरक पुढं देणं राहणार नाही अशी विनंती आहे. दोन वर्षांत किराया ५ तारखेच्या आत दिला आहे, पुढंही देऊ. मान्य असल्यास खाली सही करावी."

एवढंच. दादांना त्या ६,००० च्या वाक्याची भीती वाटत होती, आपणच त्यांचं नुकसान मोजून दाखवायचं का म्हणून. पण तो पोरगा मोबाईलवर हिशेब करणारच, आणि त्यानं केलेल्या हिशेबापेक्षा तुम्ही आधी सांगितलेला आकडा बरा वाटतो. आणखी एक बघा, वाढ १ जूनलाच सुरू झाली आहे, काकाजींनी सांगितलेल्या तारखेलाच. पहिल्या महिन्यात काहीच न वाढवता सगळंच पुढं ढकललं असतं तर ते टाळाटाळीसारखं दिसलं असतं. तिसऱ्या दिवशी पोराचा निरोप आला की फरकाचं मान्य, पण डिसेंबरऐवजी नोव्हेंबर करा. म्हणजे १,००० चा प्रश्न. दादा लगेच हो म्हणायला निघाले होते, मी थांबवलं, कारण जिनिंग नोव्हेंबरात सुरू झाली तरी त्या महिन्याचा पगार हातात डिसेंबरात पडतो. तेवढंच एक वाक्य काकाजींना तोंडी सांगितलं आणि डिसेंबर कायम राहिला.

बाकीच्या चुका थोडक्यात. वाढीचा पहिला महिना पूर्ण भरून मग पत्र देऊ नका, एकदा ५,००० दिले की जमत नाही हे कोणी मानत नाही, सांगितल्यापासून आठ दिवसांत द्या. कवेलू गळते, नळ येत नाही, लाईटच्या युनिटचा रेट जास्त लावता, हे खरं असलं तरी दुसऱ्या दिवशी बोला, या पत्रात नको. नेटवरून "महोदय, उपरोक्त विषयान्वये" असलं छापील अर्जाचं उचलून आणू नका, दोन मिनिटं वाचतात पण काकाजींना ते नोटीस आल्यासारखं वाटतं.

कायद्याचंही तसंच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे हे कोणीतरी ऐकून येते आणि पत्रात टाका म्हणते. ती सगळ्याच गावांना आणि सगळ्याच करारांना लागत नाही, लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर करारात लिहिलेलं चालते. त्यापेक्षा करार काढून त्याची तारीख बघा, हे दहातले आठ जण बघतच नाहीत. अकरा महिने अजून संपले नसतील आणि मधात वाढीचं काही लिहिलेलं नसेल, तर करार संपेपर्यंत जुनाच किराया चालू ठेवा एवढं नम्रपणे सांगितलं तरी काम होते, टप्प्याची गोष्ट त्याच्यानंतरची.

पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर सही घ्या. मालक सहीला बिचकत असेल तर व्हॉट्सॲपवर "१ डिसेंबरपासून ५,०००, तोपर्यंत ४,०००, फरक नाही" एवढं त्याच्याकडून लिहून आलं तरी चालते. फोनवरचं "हो हो, बघू" धरू नका. आणि दर महिन्याला यूपीआयनं पैसे टाकताना खाली नोटमध्ये "जून किराया पूर्ण ४,०००" असं लिहा, त्यातला "पूर्ण" सोडू नका. नगदी देत असाल तर त्याच प्रतीच्या मागं तारीख, रक्कम आणि मालकाची सही. दादांच्या प्रतीच्या मागं काकाजींच्या जून ते नोव्हेंबर अशा सहा सह्या आहेत, प्रत्येकीसमोर "पूर्ण" लिहिलेलं आहे, आणि तो कागद वहिनींनी शिलाई मशीनच्या खणात ठेवला आहे.