आकृतीतले त्रिकोण मोजताना तुकडे नको, रेषा मोजा

गोव्यातल्या सरकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करताना ही आकृती कागदावर काढून पाहा: त्रिकोण अबक, ‘अ’पासून समोरच्या बाजूपर्यंत २ रेषा, ‘ब’पासूनही २. तुकडे ९ दिसतात, पण त्यांतले ४ चौकोन आहेत. तुकडे जोडत मोजलं की चुकतं ते इथेच. मोठे त्रिकोण सुटतात नाहीतर दोनदा येतात.

त्याऐवजी रेषांना क्रमांक द्या. पाया अब म्हणजे १. ‘अ’मधून जाणाऱ्या बाकीच्या २, ३, ४ (यात बाजू अक आली), ‘ब’मधून जाणाऱ्या ५, ६, ७. त्रिकोण म्हणजे तीन रेषा, म्हणून प्रत्येकाचं नाव तीन आकडी, चढत्या क्रमाने: १२५, १२६... नाव एकदाच येतं, त्यामुळे पुनरावृत्ती होत नाही.

पाया धरून: ३×३ = ९. पाया सोडून, ‘अ’च्या दोन आणि ‘ब’ची एक: ९. उलट: ९. एकूण २७.

पडताळा घ्या. ७ रेषांतून ३ निवडण्याचे प्रकार ३५. एकाच बिंदूतून जाणारी त्रिकुटं ‘अ’कडे ४, ‘ब’कडे ४. ३५−८ = २७.

एखादी रेषा मध्येच थांबत असेल, तर जी त्रिकुटं आकृतीत पूर्ण बंद होत नाहीत ती वगळा.