जोडीदार गेल्यानंतर: खातं बंद करण्याआधी स्टेटमेंट वाचा

घरातलं माणूस गेल्यावर आठवड्याभरात कुणीतरी सांगतं, "बँकेत जाऊन खातं बंद करून टाक." एवढ्यावर थांबा. आधी मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर साक्षांकित प्रती काढून घ्या, कारण प्रत्येक ठिकाणी एक तरी ठेवून घेतात. मग त्यांच्या खात्याचं गेल्या तेरा महिन्यांचं स्टेटमेंट मिळवा. बारा पुरतात असं वाटतं, पण वर्षातून एकदाच कापले जाणारे हप्ते एखाद-दोन आठवडे मागेपुढे होतात आणि नेमके तेच निसटतात.

स्टेटमेंटवर दोन रंगांची पेन घेऊन बसा. एकाने बाहेर जाणाऱ्या रकमांवर खूण करा, दुसऱ्याने आत येणाऱ्या. बाहेर जाणाऱ्यांत दर महिन्याच्या नोंदी ओळखू येतात: कर्जाचा हप्ता, वीज, इंटरनेट, मोबाइल. वर्षातून एकदाच दिसणारी छोटी, अनोळखी नावाची नोंद मात्र सोडू नका. ती बहुतेकदा एखाद्या अपघात विम्याची किंवा लॉकरच्या भाड्याची निघते, म्हणजे घरात कुणालाच माहीत नसलेली पॉलिसी किंवा लॉकर हाती लागतो. आत येणाऱ्या नोंदींतून लाभांश, ठेवींचं व्याज, कुणी फेडत असलेली उसनवार कळते. कागदांची फाइल सापडत नसेल, तर ही यादीच तुमची फाइल.

बँकेला कळवणं टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण कळवल्यावर एकट्याच्या नावावरच्या खात्यातून पैसे जाणं थांबतं आणि त्यात कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ताही अडकतो. तो परत गेला की पॉलिसी बंद पडण्याची भीती, आणि तीही नेमक्या अशा वेळी. म्हणून आरोग्य विमा, वीज आणि घरभाडं ताबडतोब स्वतःच्या खात्यावर वळवा. करमणुकीच्या वर्गण्या आणि जिमचं सदस्यत्व लगेच रद्द करा. खातं संयुक्त असेल, तर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' अशी नोंद आहे का ते पाहा. ती असली, तर बहुधा तुम्हाला व्यवहार चालू ठेवता येतात. त्यांचा मोबाइल नंबर निदान सहा महिने चालू ठेवा, विमा कंपन्यांचे आणि बँकांचे संदेश त्यावरच येतात. त्यांच्या कार्डाने किंवा पिनने पैसे मात्र काढू नका. हेतू कितीही चांगला असला, तरी पुढे दुसरा वारस त्यावर बोट ठेवू शकतो.

कर्जाच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: या कर्जावर विमा उतरवलेला होता का? हप्ता भरत राहण्याआधी हे लेखी विचारा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी वसुलीवाल्यांचा फोन आला, तर 'मी भरते' किंवा 'मी भरतो' असं म्हणून मोकळे होऊ नका. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर असं देणं सर्वसाधारणपणे मृताच्या मालमत्तेतून फेडलं जातं, तुमच्या खिशातून नाही.

मग येणं. नोकरीच्या ठिकाणी नुसतं 'काही देणं आहे का' असं विचारलं, तर अर्धं उत्तर मिळतं. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, भविष्य निधी, सेवासमाप्तीची रक्कम, गट विमा आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांची नावं घेऊन लेखी विचारा. प्रत्येक अर्जाची तारीख, पोच क्रमांक आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव एका वहीत लिहा. नामनिर्देशन असलं तर पैसे लवकर हाती येतात, पण अनेक ठिकाणी नामनिर्देशित व्यक्ती त्यांची मालक ठरत नाही. वारसांचा हक्क वेगळा असू शकतो, तेव्हा वाटप ठरेपर्यंत खर्चू नका.

आता नवा हिशेब. माणूस एक उरला म्हणून खर्च निम्मा होत नाही. दोघांचा महिन्याचा खर्च 100 धरा. त्यातले 50 घर, वीज, इंटरनेट यांचे, जे जवळपास तसेच राहतात. उरलेले 50 घटून 22 वर आले, तरी एकूण 72 लागतात. तुमचं उत्पन्न 40 आणि निवृत्तिवेतन 25 मिळून 65 होतात. दरमहा 7 कमी, वर्षाला 84. ही वर्षभराची तूट विम्याच्या रकमेतून आधी वेगळी काढा. उरलेली रक्कम सहा महिने साध्या अल्पमुदत ठेवीत पडू द्या. त्या काळात गुंतवणूक सुचवणारे, उसने मागणारे आणि घर विकायला सांगणारे सगळे येतील. सगळ्यांना 'सहा महिन्यांनी बोलू' एवढंच सांगा.

आणि स्वतःचे कागद काढून बघा. तुमच्या खात्यावर, ठेवींवर, विम्यावर नामनिर्देशन बहुधा त्यांचंच असेल. ते बदलायचा अर्ज दाव्यांच्या कागदांसोबत त्याच फेरीत देऊन या.