लांबचा विमानप्रवास आणि लांब पाय: सीट निवडताना या चुका टाळा

उंच माणसाला सल्ला मिळतो, "सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची सीट घे." माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. समोर सीट नसते, म्हणजे तिच्याखाली पाय सरकवायची जागाही नसते. भिंत जवळ असेल तर गुडघा आठ-दहा तास वाकलेलाच राहतो. शिवाय ट्रे सीटच्या हातात बसवलेला असल्याने मधला हात वर होत नाही आणि सीट किंचित अरुंद पडते.

दुसरी चूक म्हणजे फक्त सीट पिचचा आकडा बघणे. पिच म्हणजे एका सीटपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर. त्यात सीटच्या पाठीची जाडीही येते. समजा, उंची सहा फूट तीन इंच आहे आणि बसल्यावर कंबरेमागून गुडघ्यापर्यंत 65 सेंटीमीटर भरतात. पिच 31 इंच, म्हणजे सुमारे 79 सेंटीमीटर. सीटच्या पाठीचे आठ-दहा वजा केले, तर गुडघ्यापुढे चार-सहा सेंटीमीटरच उरतात. तेव्हा खरी जागा पुढच्या सीटखालची. तिथे बॅग कोंबू नका, ती वर ठेवा.

या माणसाने इमर्जन्सी एक्झिटची रांग घ्यावी. लागोपाठ दोन एक्झिट रांगा असतील तर मागची, कारण पुढचीची पाठ बहुधा मागे झुकत नाही. खिडकीशी दरवाजाचा फुगवटा पायात येतो का, तेही सीटच्या नकाशात पाहावे. ती रांग नाहीच मिळाली, तर वाटेच्या कडेची सीट. उजवा गुडघा दुखरा असेल तर विमानाच्या डाव्या बाजूची, म्हणजे वाट उजव्या हाताला येईल अशी. मात्र पाय बाहेर टाकून झोपू नका. ट्रॉली थेट घोट्यावर आदळते.

आता ताणाबद्दल. तासन्‌तास बसून उठल्याउठल्या वाकून पायाचे अंगठे धरू नका, आखडलेल्या कंबरेवर एकदम भार येतो. आधी दोन मिनिटे चाला. मग एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, पोटरी वीस-तीस सेकंद हळूच ताणा, झटका न देता. सीटबेल्टचा दिवा लागला की बसा. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने टाचा आणि चवडे आळीपाळीने पंधरा-वीस वेळा उचला. पोटरीतले रक्त वर ढकलायचे काम हेच स्नायू करतात. झोपेची गोळी घेऊन हे सगळे बंद पाडू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सुमारे 6,000 प्रवाशांत एक इतकाच. सहा फूट तीन इंचांपुढच्या माणसांत तो अधिक आढळला. दोन्ही पाय सारखे सुजले तर सहसा घाबरायचे कारण नाही. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, प्रवासाला दोन-तीन आठवडे झाले असले तरीही. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले, तर तडक इमर्जन्सी गाठा.